रेन शॉवर, हँड शॉवर की दोन्हीचा कॉलम? ७ महिने वापरून झाल्यावर

आमची बिल्डिंग ७ मजली, आम्ही पाचव्यावर, पुण्यात. पाणी गच्चीवरच्या टाकीतून नुसतं खाली येतं, प्रेशर पंप नाही. बाथरूमचं काम काढलं तेव्हा शोरूममध्ये तो १२ इंची चौकोनी रेन शॉवर बघून मी पार पाघळलो, आणि घेऊनही आलो. शोरूमच्या डेमोला पंप लावलेला असतो हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

घरी लावला तर पाऊस कसला, पागोळ्या. मधल्या भोकांतून बऱ्यापैकी पाणी, कडेच्या भोकांतून थेंब थेंब, केसांतला शाम्पू निघता निघेना. प्लंबर म्हणाला प्रेशर कमी आहे, पंप बसवा. सोसायटीत पंपाला परवानगी नाही, मग मी जरा हिशोब करत बसलो, जो खरं तर आधी करायला हवा होता.

टाकीच्या तळापासून आपल्या शॉवरपर्यंतची उंची मोजायची, १० मीटरला साधारण १ बार. आमच्या वर दोन मजले, त्यात टाकीचा कट्टा वगैरे धरून ९ मीटर होतात, म्हणजे ०.९ बार, आणि पाणी चालू झालं की पाइप-बेंडमध्ये त्यातलंही थोडं जातं. मग शॉवर काढून उघड्या पाइपखाली १५ लिटरची बादली धरली, ७५ सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला १२ लिटर. पाणी कमी नाहीये हो! पण तेच पाणी १४४ चौरस इंचांवर पसरवलं तर प्रत्येक भोकाच्या वाट्याला येणार किती? ८ इंची गोल शॉवरचं क्षेत्रफळ ५० चौरस इंच, जवळजवळ तिसरा हिस्सा. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, तसलाच प्रकार.

शेवटी १२ इंची काढला आणि ८ इंची शॉवर प्लस हँड शॉवर असा कॉलम घेतला. आधीचा वॉल मिक्सर वरून बेंड पाइप निघणारा होता, त्याच तोंडावर कॉलम बसला, टाइल्स फोडाव्या लागल्या नाहीत. मिक्सर तसा नसेल तर मात्र खर्च वाढतो.

आता खरं सांगतो, ७ महिन्यांत सगळ्यात जास्त वापर हँड शॉवरचाच झालाय. तोंड लहान, भोकं बारीक, त्यामुळे मिनिटाला ७ लिटरच पाणी येतं पण अंगावर जोरात लागतं. आईचे गुडघे दुखतात, ती स्टुलावर बसून आंघोळ करते, तिला वरचा शॉवर नकोच असतो. बाथरूम धुवायलाही तोच. मी वरचा शॉवर लावतो तो रविवारी, निवांत.

गिझरचंही बघा, हे कोणी सांगत नाही. आमचा १५ लिटरचा, ६० डिग्रीवर ठेवलेला. थंड पाणी मिसळून अंगाला सोसेल असं पाणी त्यातून जेमतेम २५-३० लिटर मिळतं. वरचा शॉवर मिनिटाला १० लिटर घेतो, म्हणजे तीन मिनिटांत खेळ खल्लास, हिवाळ्यात साबण अंगावर असताना गार पाणी आलंय माझ्या! ३ लिटरचा इन्स्टंट गिझर असेल तर रेन शॉवरचा विचारच सोडा, तो थंडीत मिनिटाला २-३ लिटरच्या वर गरम करू शकत नाही.

कॉलममधला दुखरा भाग म्हणजे डायव्हर्टर, पाणी वरच्या शॉवरला जाणार की हँड शॉवरला हे ठरवणारा. चौथ्या महिन्यात वरचा शॉवर चालू असताना हँड शॉवरमधूनही पाणी टिपकायला लागलं आणि वरची धार मेली. मला वाटलं पीस गेला. प्लंबरने अँगल कॉक बंद करून डायव्हर्टर उघडला तर आत टेफ्लॉन टेपचा तुकडा आणि वाळूचे कण, टँकरच्या पाण्याचा प्रसाद. धुऊन बसवला, आजपर्यंत ठीक आहे. घेताना डायव्हर्टर फिरवायच्या नॉबचा घ्या. दुसऱ्या बाथरूममध्ये स्पाउटवर वर ओढायचा आहे, तो पाण्याच्या दाबावरच वर टिकून राहतो, सकाळी सगळ्या बिल्डिंगचे नळ चालू असले की आपोआप खाली पडतो आणि पाणी शॉवरऐवजी खालून येतं.

बोअरच्या पाण्याने भोकं बुजतात ती वेगळीच. सिलिकॉनची असतील तर अंगठ्याने चोळली की क्षार निघतो, मी पंधरा दिवसांनी करतो. स्टीलच्या पातळ प्लेटवाला काढून व्हिनेगरमध्ये बुडवावा लागतो. आणि नळ बंद केल्यावर वरचा शॉवर दोन-तीन मिनिटं टिपकत राहतो, ते आत साठलेलं पाणी, लीकेज नाही. मी त्यापायी प्लंबरला उगाच एक चक्कर मारायला लावली.

तो १२ इंची माळ्यावर आहे, तळमजल्यावर किंवा पहिल्यावर राहणारं कोणी असेल तर घेऊन जा, पण आधी बादली लावून बघा.