लक्ष्मीचं चित्र: जुना ओलिओग्राफ की नवी छापील प्रत?

राजा रविवर्म्याची कमळावर उभी, चार हातांची, शेजारी हत्ती असलेली लक्ष्मी आजही कॅलेंडरांवर दिसते. ती भिंतीवर लावायची तर दगडांवरून छापलेला, तैलचित्रासारखा दिसणारा जुना ओलिओग्राफ घ्यावा, की आजच्या ऑफसेट यंत्रावर छापलेली नवी प्रत?

पारख भिंगाने होते. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्म्याच्या छापखान्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. त्यामुळे ठिपके हाताने दिलेले, लहानमोठे, विस्कळीत दिसतात. ऑफसेट प्रतीत ते एका मापाच्या जाळीत बसतात. ‘जुनं’ म्हणून विकलेल्या चित्रात अशी जाळी दिसली, तर सरळ परत करा.

टिकण्याचं म्हणाल, तर जुन्याचा कागद आम्लामुळे ठिसूळ होतो आणि वरचं व्हार्निश पिवळं पडतं. ते घरी ओल्या फडक्याने पुसू नका. साध्या ऑफसेटचे लाल-पिवळे रंग उन्हात आधी उडतात आणि देवी निळसर दिसू लागते. कॅलेंडरवाल्यांनी हातातून सांडणारी नाणीही घातली. रविवर्म्याच्या चित्रात ती नाहीत.

देवघरात धूप-दिव्यापाशी नवी प्रतच बरी, काळवंडली की बदलता येते. संग्रहासाठी मात्र जुनाच घ्या, आम्लमुक्त पुठ्ठ्यावर, काचेला न टेकवता मढवा.