फोटो, फोन की विचारणा? काजू निवडण्याच्या टेबलावर तीन स्वस्त मापनांची तुलना

डिचोली तालुक्यात माझ्या मामांचा काजूचा छोटा कारखाना आहे. बिया वाफवणं, फोडणं, सोलणं आणि शेवटी निवडणं, सगळं एकाच छपराखाली चालतं. निवडण्याच्या टेबलावर सहा बायका सकाळी नऊपासून बसतात आणि गर हाताळून अख्खे, फाका, तुकडे वेगळे करतात. अख्ख्यांमध्येही आकार बघावा लागतो. ३२० नंबरचा माल म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० गर, २४० म्हणजे त्याहून मोठे. इथे ओझं उचलायचं नसतं. गर जेमतेम ग्रॅम-दीड ग्रॅमचा. तरी दुपारनंतर या बायका मान चोळत असतात, आणि मामांचा प्रश्न तोच होता जो बऱ्याच लहान कारखानदारांना पडतो: टेबल बदलायचं तर नक्की काय बदलायचं, आणि ते ठरवायला महागडी उपकरणं लागतात का?

मी वेर्ण्याला एका कंपनीत औद्योगिक अभियंता म्हणून काम करतो. हाताशी असलेल्या साधनांनी तीन रीतींनी मोजलं आणि त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. तुम्हाला यातली एकच निवडायची असेल तर पुढचं कामाला येईल.

पहिली रीत फोटोची. बाजूने फोटो काढायचा, सांध्यांवर खुणा करायच्या आणि कोनमापकाने कोन मोजायचे. खुणांसाठी आम्ही टिकल्या वापरल्या: कानाजवळ, मानेच्या तळाच्या उंच मणक्यावर, खांद्यावर, कोपरावर, मनगटावर आणि कमरेच्या हाडावर. चौकटीत गवंड्याचा ओळंबा टांगला की उभी रेषा आयती मिळते. हे कोन मग रूलाच्या तक्त्यात घालायचे. नॉटिंगहॅमच्या मॅकअॅटॅम्नी आणि कॉर्लेट यांनी १९९३ मध्ये मांडलेली ही पद्धत दंड, कोपर, मनगट, मान, पाठ आणि पाय यांना गुण देते आणि शेवटी १ ते ७ मधला एक आकडा हाती देते. १-२ ठीक, ३-४ म्हणजे अजून तपासा, ५-६ म्हणजे लवकर बदला, ७ म्हणजे आत्ताच.

या रीतीत चूक बहुतेक कॅमेऱ्याची होते. फोन थोडा पुढून किंवा मागून धरला, की पुढे गेलेला हात फोटोत आखूड दिसतो आणि कोन चुकतो. ओळखायची सोपी युक्ती आहे. बाईच्या जागी, तिच्याच दिशेने पुठ्ठ्याचं चौकोनी खोकं ठेवून त्याच जागेवरून फोटो काढा. त्याचा काटकोन फोटोत ८४ अंशांचा आला तर कॅमेरा सरळ नाही. तीन मीटर लांब, खांद्याच्या उंचीवर, अगदी बाजूला उभं राहिलं की हे बरंचसं सुटतं. दुसरी चूक माणसाची: फोटो काढतोय म्हटल्यावर प्रत्येक जण ताठ बसतो. म्हणून आम्ही दहा मिनिटांचा व्हिडिओ घेतला आणि दर तीस सेकंदांनी थांबवून वीस चौकटी मोजल्या.

दुसरी रीत फोनलाच कोनमापक करण्याची. `phyphox` हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं मोफत ॲप आहे. त्यातलं झुकावाचं मापन सुरू करून फोन क्रेप बँडेजने दंडाला बांधायचा. हात सरळ खाली सोडून तो आकडा शून्य धरायचा आणि अर्धा तास काम करू द्यायचं. नोंद स्प्रेडशीटमध्ये घेतली की हात ४५ अंशांच्या वर किती वेळ होता हे एका ओळीत कळतं:

```
=COUNTIF(B:B,">45")/COUNT(B:B)
```

वेळ मोजणं ही या रीतीची खरी ताकद. फोटो एका क्षणाचा कोन सांगतो, हा वेळेचा वाटा सांगतो. पण फोन कोन ठरवतो तो गुरुत्वाकर्षणावरून. हात झटक्याने हलला की त्या झटक्याचं त्वरणही आकड्यात मिसळतं. निवडणाऱ्या बाईचा हात सतत टिपत असतो, त्यामुळे नोंद खरखरीत आली. शिवाय पावसाळ्यातल्या घामाने बँडेज तासाभरात खाली सरकलं आणि शून्यच बदललं. शेवटी पुन्हा हात सोडायला लावून शून्य तपासलं नसतं तर आम्हाला ते कळलंही नसतं. आणि मान, जिथे खरं दुखणं होतं, तिथे फोन बांधायची सोयच नाही.

तिसरी रीत विचारण्याची. शरीराची बाह्याकृती कागदावर काढायची आणि कुठे ताण वाटतो ते दाखवायला सांगायचं. ही कल्पना १९७६ मधली, कॉर्लेट आणि बिशप यांची, म्हणजे रूलातलेच कॉर्लेट. ताण किती, यासाठी गुन्नार बोर्ग यांची ० ते १० ची पट्टी घ्यायची. सकाळी नऊ, अकरा, एक आणि चार, अशा चार वेळा.

ऐकायला ही सगळ्यात कच्ची वाटते, आणि चुकीच्या तऱ्हेने केली तर आहेच. पहिल्या दिवशी मी मामांसोबत उभा राहून विचारलं. सहाही जणींचं उत्तर एकच: "कांय ना, बरें आसा." मालक समोर असताना आणि मजुरी किलोवर मिळत असताना दुसरं कोण काय सांगणार? दुसऱ्या दिवशी मामा आत गेले, मीही बाजूला झालो, आणि सोलायच्या विभागातल्या एका मावशींनी नाव न लिहिता कागद फिरवला. १० म्हणजे काय हेही ठरवून घेतलं: भरलेली घागर घेऊन चढ चढताना शेवटी जे होतं ते. त्या दिवशी चार वाजता एकजात मान आणि खांदे पुढे आले.

आता या तिन्ही रीती प्रत्यक्ष बदलात कशा वागल्या ते बघा, कारण निवड तिथेच ठरते. पुढचे आकडे निवडणाऱ्या एकाच मावशींचे आहेत, चार वाजताचे.

टेबल ७६ सेंटिमीटर उंच, खुर्ची ४३. बसल्यावर त्यांचं कोपर जमिनीपासून ६२ वर, म्हणजे टेबल कोपरापेक्षा १४ सेंटिमीटर वर. त्यामुळे खांदे सतत उचललेले. वेगवेगळ्या प्रतींचे डबे टेबलाच्या पलीकडच्या कडेला होते. खडूने आम्ही दोन कमानी काढल्या: कोपर अंगाशी ठेवून फक्त पुढचा हात फिरवला तर ३८ सेंटिमीटर, आणि पूर्ण हात लांबवला तर ६०. डबे दुसऱ्या कमानीच्याही बाहेर होते, म्हणून दर खेपेला पाठ पुढे जायची.

| टप्पा | रूला | खांद्याचा ताण | मानेचा ताण |
|---|---|---|---|
| मुळात | ६ | ६ | ५ |
| डबे ३८ च्या कमानीत | ५ | ३ | ५ |
| ५१ चं स्टूल, पायाखाली ८ चा पाट | ४ | २ | ७ |
| १० अंश कललेला ट्रे, दिवा पुढे | ४ | २ | ३ |

तिसरी ओळ नीट पाहा. स्टूल वाढवल्यावर टेबल कोपराच्या फक्त ६ सेंटिमीटर वर राहिलं. बारीक कामाला हे योग्यच, कारण ते कोपरापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर वर असावं असा ढोबळ नियम आहे. खांदे सुटले, रूला एकाने उतरला. मामा खूश झाले. पण डोळेही ८ सेंटिमीटर वर गेले आणि गर लांब झाला. मान ३५ अंश वाकायची ती ४२ वर गेली. रूलाला हे दिसलं नाही, कारण त्याच्या तक्त्यात २० अंशांच्या पुढे मान कितीही वाकली तरी गुण ३ च. शेवटी मान २४ वर आणली, तेव्हाही गुण ३ च राहिला. विचारणा नसती तर आम्ही मानेचं दुखणं वाढवून, आकडा सुधारला म्हणून काम संपवलं असतं.

कललेल्या ट्रेबद्दल एवढंच: १५ अंशांवर गर घरंगळून पुढे जमा होतात. १० अंशांवर, तळाला कापड आणि पुढे बोटभर कड असेल तर थांबतात. दिव्याचं काम खरं तर ट्रेच्या आधीच करायला हवं होतं. ट्यूबलाइट पाठीमागे असल्याने स्वतःच्या डोक्याची सावली गरावर पडत होती आणि सावलीत बघायला माणूस वाकतोच. दोन्ही बदल एकाच दिवशी केल्यामुळे मान कशाने किती सुधारली हे मला आता सांगता येत नाही. तुम्ही एका वेळी एकच बदल करा आणि मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या.

तर निवड. काम बसून, हलकं आणि बारीक नजरेचं असेल, मग तो काजू असो की वेर्ण्यातली औषधांची पाकिटं, तर आधी विचारणा करा. ती कुठे दुखतं आणि कधी वाढतं हे सांगते. मग फोटो काढा, तो का दुखतं हे सांगतो. आणि दुरुस्ती कुठे करायची हे खडूच्या कमानी दाखवतात. रूलाचा शेवटचा आकडा अहवालापुरता ठेवा, निर्णय मूळ अंशांवरून घ्या. फोन बांधणं मी खांद्याच्या वर हात धरून सावकाश करायच्या कामासाठी राखून ठेवीन, कारण तिथे हात किती वेळ वर होता हाच प्रश्न असतो. पोती उचलायचं काम असेल तर यातलं काहीच पुरत नाही. तिथे वजन, उंची आणि फेऱ्या मोजाव्या लागतात, तो वेगळा हिशेब आहे.

एकच विचारणा पुरेल का, असं मामांनी विचारलं होतं. नाही पुरणार, आणि याचं कारण सहावी बाई. ती इतरांपेक्षा उंच, बसल्यावर तिचं कोपर ६७ वर. ५१ च्या स्टुलावर टेबल तिच्या कोपराच्या जेमतेम १ सेंटिमीटर वर राहिलं आणि तिची पाठ वाकायला लागली. कागदावर तिने फक्त कंबर दाखवली; ती का दुखते, हे फोटोतल्या ओळंब्याने सांगितलं. आता सुताराने दोन उंचीची स्टुलं केली आहेत, ५१ ची आणि ४७ ची. ४७ च्या स्टुलाचे पाय निळे रंगवलेत, म्हणजे सकाळी गडबडीत अदलाबदल होत नाही.