एकरकमी कोटेशनच्या एका ओळीत आम्ही कसे फसवले गेलो

मुलुंडच्या आमच्या जुन्या सोसायटीत गेल्या वर्षी बाथरूमचं काम काढलं. खालच्या काकांच्या छताला ओल यायला लागली होती, म्हणून सगळं तोडून नवीन करायचं ठरवलं. तीन ठेकेदारांकडून कोटेशन घेतली. दोघांची 1,95,000 आणि 1,82,000, तिसऱ्याचं 1,28,000. तिसऱ्याच्या कागदावर एकच ओळ होती: "बाथरूमचं संपूर्ण काम, मटेरियल व मजुरीसह." माणूस गोड बोलणारा. "ताई, यात सगळं आलं," असं त्याने तीनदा तरी सांगितलं. काम त्याला दिलं.

बाथरूम तोडून होईपर्यंत तो काही बोलला नाही. भांडं उखडलं, लादी निघाली, घरात दुसरं बाथरूम नाही, आणि मग एकेक गोष्ट "एक्स्ट्रा" व्हायला लागली. राबिट, म्हणजे तोडफोडीचा मलबा, गोण्यांत भरून तिसऱ्या मजल्यावरून उतरवून न्यायचे 9,000. भिंतीतले जुने लोखंडी जीआय पाइप काढून प्लास्टिकचे सीपीव्हीसी टाकायचे 14,000. वॉटरप्रूफिंगचे 22,000. टाइल्सचे 16,000. एकूण 61,000, म्हणजे आकडा 1,89,000 वर गेला. मधल्या ठेकेदाराने 1,82,000 मध्ये हे सगळं धरलेलं होतं. तोडलेलं बाथरूम सोडून दुसरा माणूस शोधायचा, तोवर घरातल्यांनी जायचं कुठे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ती ओळ तशी मोघम लिहिलेली होती.

टाइल्सचा हिशोब जरा सविस्तर सांगते, कारण फसवणूक तिथेच सर्वांत कमी दिसते. आमचं बाथरूम 7 बाय साडेचार फूट, म्हणजे चारही भिंतींची लांबी 23 फूट. त्याने डॅडो, म्हणजे भिंतीवरच्या टाइल्स, 7 फुटांपर्यंत धरल्या होत्या, बाकीच्या दोघांनी छतापर्यंत, 9 फूट. वरच्या दोन फुटांचे झाले 46 चौरस फूट, त्याचे मटेरियल-मजुरीसह सुमारे 8,000. बाकीचे 8,000 बेसिक रेटमधून, म्हणजे कोटेशनमध्ये धरलेल्या नुसत्या टाइलच्या दरातून, निघाले. त्याने मनात 40 रुपये चौरस फुटाची टाइल धरली होती, हे आम्हाला दुकानात गेल्यावर कळलं. आम्ही निवडलेली 75 ची होती.

पण सर्वांत जास्त मनस्ताप दिला तो वॉटरप्रूफिंगने. 22,000 जादा घेऊनही काकांच्या छताला पुन्हा ओल आली. दुसऱ्या ठेकेदाराकडून लादी उघडली तेव्हा दिसलं की लादीखालचा जुना थर, म्हणजे कोबा, तसाच ठेवून त्यावर केमिकलचा एक पातळ हात मारला होता, तोही फक्त जमिनीला. भिंतीवर तो चढवलेलाच नव्हता. सांडपाणी जिथून खाली जातं त्या नहाणी ट्रॅपच्या तोंडाभोवतीची फट तर नुसत्या सिमेंटने बुजवली होती, आणि पाणी तिथूनच उतरत होतं. पहिल्या माणसाने तोवर फोन उचलणं बंद केलं होतं.

दुसऱ्या वेळी कोटेशन मागण्याआधी मी स्वतः कामाचा कागद तयार केला आणि चौघांना तोच दिला. प्रत्येक कामासमोर माप लिहिलं, दराची जागा रिकामी ठेवली. जुना कोबा स्लॅबपर्यंत काढणं, राबिट महापालिकेच्या नियमाप्रमाणे बाहेर नेणं, नवीन नहाणी ट्रॅप, पाइपांना टाइल लावण्याआधी प्रेशर टेस्ट, वॉटरप्रूफिंगचे कोट दोन, एक आडवा आणि एक उभा, भिंतीवर किमान एक फूट आणि शॉवरच्या बाजूला सहा फूट. टाइलचा बेसिक रेट सगळ्यांसाठी 75 लिहिला. नळ-शॉवर आणि भांडं मी आणणार, त्यांनी फक्त बसवायचं, हेही लिहिलं. नाहीतर एकजण फिटिंगसकट आकडा देतो, दुसरा फिटिंगशिवाय, आणि तुलना होतच नाही.

चौघांपैकी एकाने कागद भरायलाच नकार दिला. "असं लिहून कोणी काम करत नाही, लमसम सांगतो," म्हणाला. त्याचं नाव तिथेच बाद केलं. उरलेल्या तिघांच्या आकड्यांत फार अंतर नव्हतं. फक्त एकाचं वॉटरप्रूफिंग बाकीच्यांच्या निम्म्याने होतं. विचारल्यावर त्याने कबूल केलं की कोबा काढायचं त्याने धरलंच नव्हतं. एकरकमी आकड्यात हे कधीच कळलं नसतं.

त्याच कागदात पाण्याच्या टेस्टची अटही होती. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, लादी बसवण्याआधी, ट्रॅप बंद करून पाणी भरायचं, भिंतीवर पातळीची खूण करायची आणि 48 तास ठेवायचं. वरून थोडं पाणी वाफेने कमी होतं, म्हणून नुसती खूण पाहून चालत नाही. खाली जाऊन छत हाताने तपासावं लागतं. काका स्वतः शिडीवर चढून हात लावून आले आणि "कोरडं आहे" म्हणाले, त्यानंतरच लादीच्या टप्प्याचा हप्ता दिला. शेवटचे 10 टक्के महिनाभर वापर झाल्यावर द्यायचे, हे सही करण्यापूर्वीच ठरलं होतं. त्याला हरकत न घेणारा माणूसच आम्ही निवडला.