बचत गटाच्या ॲपचा वापरानंतरचा अनुभव: जोडाक्षरं कुठे मोडतात आणि का

आमच्या बचत गटाचा हिशेब गेले अनेक महिने एका ॲपवर आहे. हप्ते, व्याज, थकबाकी सगळं चोख निघतं, आणि पडद्यावरची मराठी सरळ, बायकांना लगेच कळेल अशी आहे. तक्रार आहे ती अक्षरांच्या मांडणीबद्दल. एकच नाव सभासदांच्या यादीत व्यवस्थित दिसतं, पावतीवर मोडतं आणि शोधात सापडतच नाही. सॉफ्टवेअर तपासणं हे माझं रोजचं काम असल्याने हे नेमकं कुठे बिघडतं ते पडदा-पडदा करून पाहिलं. मराठी ॲप तपासणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

नमुन्यासाठी मी ‘शर्मिष्ठा कुऱ्हाडे’ नावाचा एक सभासद घातला. यादीत नाव बरोबर आलं. त्याच नावाने हप्ता जमा करून पावतीची पीडीएफ काढली, तर तिथे रफार नाही, ‘र’ पाय मोडून उभा, आणि पहिली वेलांटी ‘म’च्या उजवीकडे. ‘ष्ठा’चेही दोन तुकडे. पावती हा कागद बँकेत जातो, त्यामुळे हा दोष मला सगळ्यांत गंभीर वाटतो.

कारण समजायला ‘र्मि’ साठवतात कसं ते पाहू:

```
U+0930  र
U+094D  ्
U+092E  म
U+093F  ि
```

म्हणजे वेलांटी साठवताना ‘म’नंतर येते आणि दाखवताना आधी. ‘र’ साठवताना पहिला, पण दिसताना शेवटी, ‘म’च्या डोक्यावर रफार होऊन. ही उलटापालट फॉन्ट स्वतःहून करत नाही. फॉन्टमध्ये अर्धी अक्षरं, रफार आणि जोडाक्षरं यांचे आकार असतात, पण त्यांना स्वतःचा युनिकोड क्रमांक नसतो. कोणत्या क्रमाला कोणता आकार लावायचा हे फॉन्टमधल्या तक्त्यांत लिहिलेलं असतं, आणि ते तक्ते वाचून मांडणी करणारा वेगळा घटक लागतो. अँड्रॉइड आणि क्रोम हे काम हार्फबझ या लायब्ररीकडून करून घेतात, म्हणून यादीचा पडदा ठीक दिसला. पावती बनवणाऱ्या पीडीएफ लायब्ररीने तो टप्पाच गाळला आणि प्रत्येक क्रमांकासमोरचा आकार एकापुढे एक ठेवत गेली. इंग्रजी पावतीत हे कधीच लक्षात येत नाही. ‘रमा काळे’ या नावातही येत नाही, कारण त्यात जागा बदलायचं काहीच नाही. चाचणीसाठी असं सोपं नाव घेतलं की पावती पास होते.

एवढ्यावरून फॉन्ट बदलण्याची सूचना करू नका. फॉन्टमध्ये अक्षरच नसेल तर रिकामा चौकोन दिसतो. इथे चौकोन नव्हते, अक्षरं होती, फक्त मांडलेली नव्हती. पाय मोडलेलं अक्षर दिसणं हा मात्र एकट्याने पुरावा नाही. काही फॉन्टमध्ये एखादं दुर्मीळ जोडाक्षर नसतं आणि ते हलन्त दाखवून भागवतात, ते वाचता येतं. पण पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे दिसली, तर मांडणी झालेलीच नाही, हे नक्की समजा. उपाय म्हणजे मांडणी करणारी लायब्ररी वापरणं, किंवा पावती वेबपानासारखी रचून ब्राउझरच्या इंजिनाकडून पीडीएफ करून घेणं. मी कळवल्यावर पुढच्या एका अपडेटमध्ये पावती सुधारली.

दुसरा बिघाड मुखपृष्ठावर. तिथल्या कार्डावर नावाची पहिली चौदाच चिन्हं घेतात आणि पुढे तीन टिंबं देतात. आमच्या नमुना नावात जागा धरून अठरा चिन्हं आहेत. चौदावं नेमकं ‘ऱ’चा पाय मोडणारं निघालं, आणि कार्डावर ‘शर्मिष्ठा कुऱ्…’ असं उरलं. मांडणीचा घटक इथे बरोबर काम करतोय, त्याला दिलेला मजकूरच मध्ये तोडलेला आहे. कापाकापी वाचणाऱ्याला दिसणाऱ्या पूर्ण अक्षराच्या कडेला व्हायला हवी. युनिकोडने यासाठी अक्षरगटांचे नियम दिले आहेत, पण तिथेही एक खाच आहे: 2023 मध्ये आलेल्या 15.1 आवृत्तीच्या आधीच्या नियमांत ‘ष्ठा’ हे एक नसून ‘ष्’ आणि ‘ठा’ असे दोन गट होते. म्हणजे जुनी लायब्ररी ‘नियमानुसार’ कापूनही जोडाक्षर फोडू शकते. सगळ्यांत बरं म्हणजे कार्डाला पूर्ण नाव द्यावं आणि रुंदीत मावेल तेवढं दाखवायचं काम पडद्यावरच्या मजकूर-घटकावर सोडावं.

याच जातीचा दोष शोधाच्या पडद्यावर आहे. ‘शर’ टाइप केलं की जुळलेला भाग रंगवतात, आणि त्यासाठी नावाचे दोन तुकडे वेगवेगळे काढतात. दुसऱ्या तुकड्याची सुरुवात पाय मोडणाऱ्या चिन्हाने होते. त्याला धरायला अक्षरच नाही, म्हणून ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. हे वर्तुळ कुठेही दिसलं की आधी मजकूर कुठे तुटला ते शोधा. तपासताना पूर्ण शब्द टाकू नका, अक्षर-अक्षर टाइप करत प्रत्येक टप्प्याला पडदा पाहा.

बटणांबद्दल थोडक्यात. ‘हप्ता जमा करा’ची शिरोरेघ अक्षरागणिक तुटते, कारण तिथे अक्षरांमध्ये जादा अंतर दिलेलं आहे. लॅटिन लिपीला ते शोभतं, देवनागरीसाठी शून्य करायला हवं. आणि फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं सगळ्यांत मोठी केली की ‘सर्वांनी’मधला रफार आणि अनुस्वार वरून कापले जातात, कारण बटणाची उंची ठरावीक ठेवली आहे. गटातल्या बहुतेक वयस्क बायकांच्या फोनवर अक्षरं मोठीच असतात.

राहिलं ‘कुऱ्हाडे’. हा ‘ऱ्ह’ दोन प्रकारे साठवला जातो:

```
U+0931 U+094D U+0939
U+0930 U+094D U+200D U+0939
```

दोन्ही दिसायला सारखेच. कोणता साठेल ते कीबोर्डवर ठरतं. खजिनदार बाईंनी एका कीबोर्डवरून नाव घातलं आणि मी दुसऱ्यावरून शोधलं, तर ॲप म्हणतं सभासद नाही. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण या दोन रूपांना एक करत नाही, ते काम ॲपला शोधाआधी मुद्दाम करावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे हे ॲप नाव जतन करताना न दिसणारी चिन्हं ‘साफ’ करतं. दुसऱ्या प्रकारातलं U+200D त्यात जातं आणि ‘कुऱ्हाडे’चं ‘कुर्हाडे’ होऊन बसतं, ‘ह’वर रफार घेऊन. हा मांडणीचा दोष नाही, इथे माहितीच बदलली. म्हणून दोन्ही रूपांनी नाव घाला, जतन करा, ॲप बंद करून उघडा, आणि साठलेले क्रमांक तपासा. पडद्यावरून मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला आणि तिथे बरोबर दिसला, तर दोष दाखवण्यात आहे. तिथेही चुकीचा दिसला तर साठवणुकीत. पीडीएफवर मात्र ही कसोटी चालत नाही, कारण तिथून कॉपी केलेला देवनागरी मजकूर पान नीट दिसत असतानाही विस्कटलेला निघू शकतो.

आजच्या घडीला पावती दुरुस्त आहे, बटणांची उंचीही सुटली. कार्ड आणि शोध तसेच आहेत. गटात नवीन सभासद आला की ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ असलेलं नाव आम्ही एकाच फोनवरून घालतो.