पोस्टरवरची तारीख बदलणे: फोटोपिया की गिंप?

वर्गात मुलांना चित्र-संपादन शिकवायच्या ४० मिनिटांच्या तासासाठी एकच काम पुरे: पोस्टरच्या चित्रातली जुनी तारीख पुसून नवी लिहायची.

फोटोपिया हा चित्र-संपादक ब्राउझरमध्येच उघडतो, खाते लागत नाही, त्यामुळे पाचव्या मिनिटाला मुले कामाला लागतात. मात्र तो लोड होण्यासाठी इंटरनेट हवे, आणि कडेच्या जाहिराती लक्ष खातात. गिंप हा दुसरा चित्र-संपादक आधीच सगळ्या संगणकांवर बसवावा लागतो, पण नंतर नेट नसले तरी चालते.

पुसण्याची युक्ती दोन्हीकडे तीच. एका जागेचा नमुना दुसरीकडे उमटवणारा Clone निवडून आधी नमुन्याची जागा दाखवायची: फोटोपियात Alt, गिंपमध्ये Ctrl दाबून क्लिक. मग अक्षरांवर ब्रश फिरवायचा. सपाट रंगावर हे सहज जमते. खालून रंग गडद होत गेला असेल, तर नमुना त्याच उंचीवरून घ्या, नाहीतर ठिगळ दिसते. मुलांना नमुना आजूबाजूच्या रंगात मिसळणारा Heal आवडतो, पण तारीख चौकटीच्या रेषेला खेटून असेल तर तिथे रंग फरकटतो. तेवढ्या जागी Clone बरा.

नवी तारीख वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वरच्या वेगळ्या थरावर येते. गिंपमध्ये ती पुन्हा बदलता यावी म्हणून .xcf फाइल जपा, पीएनजीत लेयर उरत नाहीत. फोटोपियात त्यासाठी .psd.

पहिल्या तासाला मी फोटोपियाच घेईन.