वॉचडॉग फॉल्ट: ब्लॉक बंद करून शोधावा की वेळ मोजून?
पीएलसीचा सरासरी स्कॅन, म्हणजे प्रोग्रामची एक फेरी, १८ मिलिसेकंद; फेरी फार लांबली तर कंट्रोलर थांबवणाऱ्या वॉचडॉगची मर्यादा १५०, तरी कंट्रोलर कधीतरी फॉल्टवर थांबतो. अशा वेळी आधी कमाल स्कॅन टाइम बघा. तो १४० पर्यंत उडी मारत असेल, तर दोष बहुधा प्रोग्रामच्या क्वचित चालणाऱ्या भागात आहे.

प्रोग्रामच्या एकेक ब्लॉकचा कॉल बंद करून बघणं सोपं, पण चालू मशीनवर धोक्याचं: इंटरलॉक निकामी होतात, आउटपुट जुन्याच स्थितीत अडकू शकतात. शिवाय क्वचितचा दोष नेमका तेव्हा दिसेलच असं नाही.

ब्लॉकच्या आधी-नंतर घड्याळ वाचून फरकाची कमाल साठवायला मेहनत जास्त. मात्र रेसिपी बदलताना हजारो नोंदी एकाच स्कॅनमध्ये चाळणारा लूप त्यातच सापडतो. मध्येच इंटरप्ट आला, तर त्याचा वेळही त्यात धरला जातो.

स्कॅन कायमच लांब आणि मशीन सुरक्षितपणे थांबवलेलं असेल तर कॉल बंद करून शोधा; फॉल्ट अधूनमधून येत असेल तर मोजणीच करा.