केळीच्या ठिबकचं ऑटोमेशन: एक उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमची केळी रावेर तालुक्यात, काळ्या जमिनीत. ठिबकचे तीन प्लॉट, पाण्याला एकच ट्यूबवेल. मळ्यातल्या घरात इन्व्हर्टरवर रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आणि त्यावर होम असिस्टंट हे ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर, स्टार्टरच्या पेटीत मोटर आणि व्हॉल्व चालवणारा ईएसपीहोमचा नोड आणि बागेत मातीची ओल मोजणारा सेन्सर, असा सगळा संसार. पावसाळा, थंडी आणि मे महिना काढून मग लिहायला बसलोय. सगळं सुरळीत असताना ही सिस्टीम कशी चालते यावर लिहिण्यासारखं फारसं नाही. पाणी सुटतं, मोबाईलवर दिसतं. खरी परीक्षा काहीतरी बंद पडल्यावर होते, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

बसवून देणाऱ्याने पाणी सोडायची जी अट लिहून दिली होती, ती वरवर बरोबर वाटते: ओल 30 टक्क्यांच्या खाली गेली की व्हॉल्व उघड.

```
{{ states('sensor.keli_ol') | float(0) < 30 }}
```

यातला `float(0)` हाच घात करतो. सेन्सर गप्प झाल्याचं होम असिस्टंटला कळलं की त्याची स्थिती `unavailable` होते. हा शब्द आकड्यात बदलता येत नाही, म्हणून कंसातला शून्य वापरला जातो. शून्य म्हणजे ठणठणीत कोरडी जमीन! ऐन श्रावणात, बागेत पाय रुतत असताना, आमच्याकडे ठिबक चालू झालं ते यामुळेच. सेन्सरची बॅटरी संपली होती, एवढंच. आता अटीच्या आधी `has_value('sensor.keli_ol')` लावलंय, म्हणजे आकडा नसेल तर अट तपासलीच जात नाही.

पण गप्प बसणारा सेन्सर परवडला, जुनाच आकडा धरून बसणारा नाही. आमचा सेन्सर एमक्यूटीटी या निरोप पाठवायच्या पद्धतीने दर दहा मिनिटांनी आकडा पाठवतो. तो मेल्याचं होम असिस्टंटला कळलंच नाही तर स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच राहतो, कारण मुदत दिली नसेल तर होम असिस्टंट तो आकडा कधीच शिळा मानत नाही. 42 टक्के ओल दिसत राहते, पाणी सुटत नाही, आणि मे महिन्यात ते पानं सुकायला लागल्यावर कळतं. ओळखायची खूण म्हणजे आलेख. जिवंत मातीचा आलेख दिवसभर थोडा तरी उतरतो. रुळासारखी सरळ रेघ दिसली की समजायचं. उपाय एका ओळीचा आहे:

```
mqtt:
  sensor:
    - name: "keli_ol"
      state_topic: "shet/keli/ol"
      unit_of_measurement: "%"
      expire_after: 1800
```

अर्धा तास, म्हणजे लागोपाठ तीन निरोप चुकले की आकडा रद्द. यापेक्षा कमी ठेवू नका, एखादा निरोप तसाही हुकतो.

आता मुख्य प्रश्न: आकडा नाही हे कळलं, पुढे काय करायचं? घरच्या टाकीचं उत्तर सोपं आहे, मोटर बंद. केळीला ते चालत नाही. उन्हाळ्यात एका झाडाला दिवसाला साधारण 20 लिटर पाणी आम्ही धरतो, आणि निसवणीच्या वेळी चार दिवस ताण बसला तर घड बारीक राहतो. पूर्ण चालू ठेवलं तर मुळं कुजतात. म्हणून मधला मार्ग. आमच्या झाडाला चार लिटरचे दोन ड्रिपर, म्हणजे तासाला आठ लिटर. पूर्ण पाणी अडीच तासांत होतं. सेन्सर नसेल तेव्हा प्रत्येक प्लॉटला दीड तास, म्हणजे 12 लिटर, एवढंच. एवढ्यावर बाग जोमाने वाढणार नाही, पण दुरुस्ती होईपर्यंत तग धरेल. पावसाळ्यात मात्र हे राखीव पाणी आम्ही शून्य करून ठेवतो. सुरक्षित स्थिती हंगामाप्रमाणे बदलते, ही गोष्ट कुठल्याच तयार किटमध्ये मला दिसली नाही.

हे राखीव पाणी घड्याळाला बांधण्यात अर्थ नाही. सकाळी सहाची वेळ लावली आणि त्या आठवड्यात थ्री फेज रात्री असली तर? म्हणून आमचं सूत्र लाईट आल्यापासून सुरू होतं. फेज आल्यावर नोड दोन मिनिटं थांबतो, मग पहिला प्लॉट. लाईट चार वेळा गेली-आली तरी पाणी चार वेळा सुटू नये म्हणून प्रत्येक प्लॉटची दिवसभराची मिनिटं नोड स्वतःच्या मेमरीत लिहून ठेवतो. दिवस बदलला हे कळायला पेटीत बॅटरीची छोटी घड्याळ-चिप आहे. स्टार्टरवरचा जुना ऑटो स्विच काढून टाकला. लाईट येताक्षणी सगळ्या मोटरी एकदम उठल्या की डीपीवर काय बीतते ते गावात सगळ्यांना माहीत आहे.

पाणी बंद करायची जबाबदारीही नोडवरच हवी. होम असिस्टंटमध्ये 'अडीच तास थांब आणि बंद कर' असं लिहिलं आणि मधेच पाय रीस्टार्ट झाला, तर ते थांबणं विसरलं जातं. व्हॉल्व उघडाच. म्हणून नोडमध्ये तीन तासांची वरची हद्द:

```
script:
  - id: had_1
    mode: restart
    then:
      - delay: 180min
      - switch.turn_off: valve_1
```

व्हॉल्व उघडला की ही स्क्रिप्ट सुरू होते. स्विचला `restore_mode: ALWAYS_OFF` दिलंय, म्हणजे नोड रीस्टार्ट झाला तर व्हॉल्व बंद स्थितीतच उठतो. यात एक मेख आहे. होम असिस्टंटशी संपर्क नसेल तर ईएसपीहोम मूळ सेटिंगप्रमाणे 15 मिनिटांनी स्वतःच रीस्टार्ट होतो. पाय बंद पडला की राखीव पाणी दर पाव तासाने तुटायचं. स्टार्टर पडल्याचा खटका ऐकूनच ते लक्षात आलं. `api:` आणि `wifi:` दोन्हीखाली `reboot_timeout: 0s` लिहिल्यावर थांबलं.

हाताने चालवायची सोय मोबाईलमधल्या बटणावर ठेवू नका. आमच्या पेटीवर हॅन्ड-ऑफ-ऑटो असा फिरवायचा स्विच आहे, आणि 'हॅन्ड'ची वायर नोडला वळसा घालून थेट स्टार्टरला जाते. नोड जळाला तरी सालदार मोटर चालू करू शकतो. सोलेनॉइड व्हॉल्वची कॉइल हाताने पाव आटा फिरवली की तोही उघडतो. आधी व्हॉल्व, मग मोटर, हे पेटीच्या दारावर रंगाने लिहिलंय. स्विचचा एक जादा कॉन्टॅक्ट नोडला सांगतो की आता माणसाच्या हातात आहे, म्हणजे ऑटोमेशन मधे लुडबूड करत नाही. हॅन्डवर चार तास झाले की मला मेसेज येतो. तो आला की मी फोन करतो आणि पलीकडून ठरलेला प्रश्न: "भाऊ, मग याले ऑटोवर टाकू का?"

सगळ्यात उशिरा सुटलेला गुंता व्हॉल्वचा. 24 व्होल्टचे हे व्हॉल्व करंट गेला की बंद होतात, म्हणून ते सुरक्षित समजले जातात. प्लॉटपुरतं ते खरं आहे. पण मोटर चालू असताना 24 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडाला तर तिन्ही व्हॉल्व मिटतात आणि मोटर बंद पाईपावर दाब मारत राहते. आमच्याकडे सबमेनचा जोड त्यानेच निखळला. आता त्याच 24 व्होल्टवर एक रिले आहे आणि तिचा कॉन्टॅक्ट स्टार्टरच्या होल्डिंग सर्किटमध्ये ओवलाय. 24 व्होल्ट गेले की स्टार्टर पडतो, मधे कुठलंही सॉफ्टवेअर नाही. एकट्या व्हॉल्वची कॉइल जळाली तर ही रिले काही करत नाही. त्यासाठी हेडरवर प्रेशर स्विच त्याच सर्किटमध्ये आहे.

सेन्सरबद्दल मात्र तक्रार कायम आहे. स्वस्तातली कपॅसिटिव्ह पट्टी काळ्या मातीत एप्रिलमध्ये भेग पडली की हवेत लोंबते आणि कोरडं-कोरडं ओरडते. हा आकडा शिळाही नाही, गायबही नाही, फक्त खोटा आहे, आणि वरच्या एकाही युक्तीला तो सापडत नाही. तीन तासांची हद्द तेवढी नुकसान आवरते. पाणी देऊन दोन तास झाले तरी ओल हलली नाही तर त्या सेन्सरला बाद धरून राखीव पाण्यावर जायचं, अशी अट सध्या लावून बघतोय. जूनमध्ये पट्टीची जागा बदलणार, ड्रिपरपासून वीतभर अंतरावर आणि जरा खोल.